ॲडव्हान्सचा परतावा: हिशेब बुकिंगच्या क्षणीच करून ठेवा

प्रश्न: आमच्या स्टुडिओच्या अपॉइंटमेंट बुकिंगसाठी मी सिस्टीम लिहितोय. बुकिंग करताना ॲडव्हान्स घेतो. ७ दिवस आधी रद्द केलं तर पूर्ण पैसे परत, ३ दिवस आधी निम्मे, १ दिवस आधी पाव, त्यानंतर काही नाही. रद्द करताना किती तास उरलेत ते मोजून टक्केवारी लावतो. लिहिताना सोपं वाटलं, पण आता ग्राहकांशी सारखे वाद होतायत. कोणी तारीख पुढे ढकलतं, मग रद्द करतं आणि पूर्ण पैसे मागतं. कोणी म्हणतं, तीन दिवस आधीच तर रद्द केलं होतं. कुठे चुकतंय?

उत्तर:

तुमचा हिशेब उशिरा होतोय. रद्द करण्याचं बटण दाबेपर्यंत किती पैसे परत मिळणार हे ना ग्राहकाला ठाऊक असतं, ना तुमच्या डेटाबेसला. बुकिंग पक्कं होतं त्याच क्षणी ‘सात दिवस’ आणि ‘निम्मे’ हे शब्द मोडून त्यांच्या तारखा, वेळा आणि रकमा करून ठेवा. रद्द करताना मग फक्त तक्त्यात बघायचं उरतं. गेली बरीच वर्षं मी बुकिंगच्या सिस्टीम लिहितोय आणि दुसऱ्यांनी लिहिलेल्या दुरुस्तही करतोय. तुम्ही सांगताय तसे बहुतेक वाद या एका बदलाने मिटताना पाहिलेत. उरलेले का मिटत नाहीत, तेही पुढे येईल.

एक बुकिंग घेऊन बघू. अपॉइंटमेंट शनिवारी, १४ तारखेला सकाळी ११ वाजता आहे आणि ॲडव्हान्स ४,००० चा. तुमच्या नियमानुसार या बुकिंगचे टप्पे असे पडतात: शनिवार ७ तारखेला ११ वाजण्याच्या आधी रद्द केलं तर ४,००० परत, बुधवार ११ तारखेला ११ च्या आधी २,०००, शुक्रवार १३ तारखेला ११ च्या आधी १,०००, आणि त्यानंतर शून्य. या तीन ओळी बुकिंगच्या पावतीवर छापायच्या आणि त्याच तीन ओळी डेटाबेसमध्येही ठेवायच्या. टेबल एवढंसंच पुरतं:

```sql
create table refund_stage (
  booking_id bigint      not null,
  until_at   timestamptz not null,
  amount     bigint      not null,
  primary key (booking_id, until_at)
);
```

`amount` मध्ये रक्कम चलनाच्या सर्वात लहान एककात, पूर्णांकात ठेवा. टक्केवारी इथे मुद्दामच ठेवलेली नाही. ॲडव्हान्सचा पाव भाग काढताना अपूर्णांक उरला तर तो ग्राहकाच्या बाजूने वर घ्यायचा की खाली सोडायचा, हा निर्णय बुकिंगच्या वेळी एकदाच होतो आणि तिथेच संपतो. तोच हिशेब तीन ठिकाणी नव्याने केला की पावतीवर एक आकडा, ईमेलमध्ये दुसरा आणि बँकेत तिसरा जातो. फरक अगदी क्षुल्लक असतो, पण ग्राहकाचा विश्वास उडायला तेवढा पुरतो.

रकमा अशा गोठवण्याचं आणखी एक कारण आहे, आणि ते मी ठेच खाऊन शिकलो. मी लिहिलेल्या एका सिस्टीममध्ये टक्केवारी सेटिंग्जमध्ये होती आणि परतावा रद्द करतेवेळी मोजला जायचा. मालकांनी एका सकाळी ७ दिवसांची मुदत १० दिवस केली, अर्थात नव्या बुकिंगसाठी. पण नियम एकच होता आणि मोजणी व्हायची रद्द करताना. त्यामुळे जुन्या सगळ्या बुकिंगना नवा नियम लागला. ज्यांना पूर्ण परतावा कबूल केला होता त्यांना निम्मा मिळायला लागला, आणि आम्हाला ते कळलं थेट तक्रारींतून. कोडमध्ये बग असा काहीच नव्हता. बुकिंगच्या वेळी दिलेला शब्द कुठेही लिहून ठेवलेला नव्हता, एवढंच. आता मालकांनी नियम कितीही वेळा बदलो, `refund_stage` मधल्या जुन्या ओळींना तो हात लावत नाही.

आता ‘तीन दिवस आधीच रद्द केलं होतं’ म्हणणारा ग्राहक. त्याने बुधवारी ११ तारखेला दुपारी ४ वाजता रद्द केलं. तो बोटांवर मोजतो: बारा, तेरा, चौदा, झाले तीन दिवस. तुमचा कोड मोजतो ६७ तास, म्हणजे ७२ पेक्षा कमी, म्हणजे पाव. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. ‘दिवस’ या शब्दाला घड्याळ नसतं आणि तुमच्या कोडला घड्याळाशिवाय दुसरं काही दिसत नाही. म्हणून ग्राहकाला दिसणाऱ्या वाक्यातून ‘तीन दिवस आधी’ काढूनच टाका. तिथे ‘बुधवार ११ तारीख, सकाळी ११ च्या आधी’ असं लिहा. वार जरूर लिहा, माणसं तारखेपेक्षा वारावर जास्त चालतात.

मी स्वतः हल्ली दिवसांचे टप्पे त्या दिवसाच्या शेवटपर्यंत खुले ठेवतो, म्हणजे बुधवारी रात्री बारापर्यंत केव्हाही रद्द करा, निम्मे मिळतील. धंद्याच्या हातून यात साधारण अर्ध्या दिवसाची सूचना जाते आणि त्या बदल्यात वादाचं मूळच उरत नाही. शेवटचा टप्पा मात्र तासांवरच ठेवावा, कारण तिथे अर्ध्या दिवसाला खरंच किंमत असते. खालच्या उदाहरणात गोंधळ नको म्हणून तुमचे ११ वाजताच धरतो.

वेळेबद्दल आणखी थोडं, कारण ते नंतर दुरुस्त करणं महागात पडतं. मुदत नेहमी अपॉइंटमेंट जिथे आहे तिथल्या घड्याळाने मोजा, ग्राहकाच्या फोनवरच्या घड्याळाने नाही. पोस्टग्रेसमधलं `timestamptz` क्षण नेमका जपतं, पण तो कुठल्या टाइमझोनमध्ये लिहिला होता ते जपत नाही. त्यामुळे झोनचं नाव, उदाहरणार्थ `Europe/Paris`, बुकिंगच्या ओळीत वेगळ्या रकान्यात ठेवावं लागतं. ज्या देशांत उन्हाळ्यासाठी घड्याळं पुढेमागे करतात तिथे सात दिवस म्हणजे कधी १६७ तास असतात, कधी १६९. ‘अपॉइंटमेंटच्या वेळेतून १६८ तास वजा’ असं लिहिलं असेल तर त्या आठवड्यात मुदत ११ च्या ऐवजी १० किंवा १२ वाजता पडेल. तारखेतून सात दिवस वजा करा, वेळ तीच ठेवा, आणि मग त्याचा क्षण काढा.

आता तारीख ढकलण्याची पळवाट. तुमचं खरं नुकसान इथे होतंय. आपल्या बुकिंगचा ग्राहक गुरुवारी १२ तारखेला संध्याकाळी ६ वाजता येतो. अपॉइंटमेंटला ४१ तास उरलेत. आत्ता रद्द केलं तर १,००० मिळतील हे त्याला दिसतंय. तो रद्द करत नाही. तो तारीख बदलून शनिवार २८ घेतो. सोमवारी १६ तारखेला तो रद्द करतो. तुमचा कोड बघतो: २८ ला अजून जवळजवळ बारा दिवस आहेत, मुदत सातची, घ्या पूर्ण ४,०००. त्या माणसाने १४ तारखेचा स्लॉट शेवटच्या ४१ तासांत रिकामा केला आणि त्याला एक दमडी पडली नाही. तो लबाडच असतो असंही नाही. बऱ्याचदा त्याला खरंच २८ ला यायचं असतं आणि नंतर विचार बदलतो. सिस्टीमला दोघांत फरक करता येत नाही आणि तिने करूही नये.

यावर लोक दोन टोकाचे उपाय करतात. काही जण तारीख बदलणं बंदच करतात, मग चांगले ग्राहक जातात. काही जण जुन्याच मुदती कायम ठेवतात, म्हणजे १३ तारीख उलटली की या ग्राहकाचा परतावा कायमचा शून्य. दुसरा उपाय ऐकायला ठीक आहे, पण त्यात २८ तारखेचा स्लॉट पंधरा दिवस आधी सोडणाऱ्यालाही काही मिळत नाही, मग तो सांगायची तसदी घेत नाही आणि २८ चा स्लॉटही वाया जातो.

मी वापरतो ती पद्धत मर्यादेची. बुकिंगला एक `ceiling` द्यायचं, म्हणजे इथून पुढे जास्तीत जास्त किती परत मिळू शकतं ती रक्कम. सुरुवातीला ती पूर्ण ॲडव्हान्सइतकी असते. ग्राहकाने तारीख बदलली की त्या क्षणी जेवढा परतावा मिळाला असता तेवढ्यावर ती उतरते, आणि ग्राहकाच्या कुठल्याही कृतीने पुन्हा वर चढत नाही. नव्या तारखेचे टप्पे नव्याने मांडायचे. परतावा म्हणजे नव्या टप्प्याची रक्कम आणि मर्यादा, यांतली जी कमी ती.

```python
def refundable(b, now):
    if b.cancelled_by == "business":
        return b.advance
    amount = 0
    for s in sorted(b.stages, key=lambda s: s.until_at):
        if now < s.until_at:
            amount = max(amount, s.amount)
    return min(amount, b.ceiling)
```

आपल्या ग्राहकाला लावून बघा. गुरुवारी १२ ला तारीख बदलताना मर्यादा १,००० वर आली. नवे टप्पे पडले: शनिवार २१ च्या ११ पर्यंत ४,०००, बुधवार २५ च्या ११ पर्यंत २,०००, शुक्रवार २७ च्या ११ पर्यंत १,०००. सोमवारी १६ ला रद्द केलं, टप्पा म्हणतो ४,०००, मर्यादा म्हणते १,०००, मिळाले १,०००. गुरुवारी १२ ला सरळ रद्द केलं असतं तरी एवढेच मिळाले असते. पळवाट बुजली, आणि प्रामाणिक माणसाचंही काही गेलं नाही. शुक्रवारी २७ च्या सकाळपर्यंत त्याचे १,००० शाबूत आहेत, म्हणून जमणार नसेल तर तो तोवर तुम्हाला कळवेल. ज्याने १ तारखेलाच तारीख बदलली असती त्याची मर्यादा ४,००० च राहिली असती.

इथे एक गोष्ट हमखास चुकते. मर्यादा फक्त परताव्यावर आहे, बिलातल्या वजावटीवर नाही. २८ ला ग्राहक आला तर त्याचे ४,००० च्या ४,००० बिलातून वजा व्हायला हवेत. मी एका ठिकाणी पाहिलं होतं की तारीख बदलल्यावर सिस्टीम ॲडव्हान्सची रक्कमच कमी करून टाकायची. माणूस ठरल्या वेळी येऊन बसलाय आणि काउंटरवर त्याच्याकडून जास्त पैसे मागतायत. भरलेली रक्कम, परत मिळू शकणारी रक्कम आणि बिलात जमा होणारी रक्कम हे तीन वेगळे आकडे आहेत. तिन्ही एकाच रकान्यात कोंबू नका.

तारीख अलीकडे आणणाऱ्यांचंही बघा, तिकडे कोणाचं लक्ष जात नाही. त्याच १४ तारखेच्या बुकिंगचा ग्राहक ५ तारखेला दुपारी म्हणतो, मला ७ तारीख द्या. त्या क्षणी त्याचे पूर्ण ४,००० परत मिळण्याजोगे आहेत. ७ तारखेच्या हिशेबाने पहिली मुदत मागच्या महिन्यातच गेलेली, दुसरी काल ४ तारखेला संपलेली, आणि हातात उरतो फक्त १,००० चा टप्पा. म्हणजे ‘बदला’ हे बटण दाबताच त्याचे ३,००० अडकतात. यात अन्याय नाही, स्लॉट खरोखरच जवळचा आहे. पण हे त्याला बटण दाबण्याआधी दिसलं पाहिजे: आत्ता रद्द केलं तर किती, बदलल्यानंतर रद्द केलं तर किती. उशिरा बुकिंग करणाऱ्याचंही तसंच. अपॉइंटमेंटच्या ३० तास आधी बुक करणाऱ्याला पूर्ण परताव्याचा टप्पा कधी मिळतच नाही, आणि चुकीची वेळ निवडली गेली तर तो अडकतो. अशांना मी बुकिंगनंतर तासाभराची मोकळीक देतो. त्यासाठी `refund_stage` मध्ये आणखी एक ओळ पुरते, `until_at` बुकिंगनंतर एक तास आणि रक्कम पूर्ण. वेगळं कोड लागत नाही. मात्र या तासात तारीख बदलली तरी नवा तास सुरू करू नका, नाहीतर तीच पळवाट लहान रूपात परत येते.

मालकाकडून रद्द झालं तर काय, ते कोडमध्ये आहेच: सगळं परत, टप्पे आणि मर्यादा बघायच्या नाहीत. मालकांनी तारीख बदलायला लावली तर मर्यादा उतरवायची नाही, आणि नवी तारीख ग्राहकाला जमत नसेल तर तेही मालकांनी रद्द केल्यासारखंच धरायचं. त्यासाठी प्रत्येक बदलाबरोबर तो कोणी केला याची नोंद हवी. काउंटरवरची माणसं ग्राहकाच्या फोनवरून बदल करतात तेव्हा सिस्टीमला वाटतं की मालकांनीच केला. म्हणून त्यांच्या स्क्रीनवर ‘कोणाच्या विनंतीवरून’ हा प्रश्न सक्तीचा ठेवा. तो रिकामा सोडता आला तर रिकामाच राहतो, हा माझा अनुभव.

सीमारेषेवरचा एक प्रसंग जवळून बघण्यासारखा आहे. बुधवारी सकाळी १०:५८ ला ग्राहक रद्द करण्याचं पान उघडतो. पान सांगतं, २,००० परत मिळतील. तो दोन मिनिटं विचार करतो, घरच्यांना विचारतो, ११:०२ ला बटण दाबतो. हातात येतात १,०००. सर्व्हर बरोबर, नियम बरोबर, पण ग्राहकाकडे स्क्रीनशॉट आहे आणि त्यावर २,००० लिहिलंय. हा वाद तुम्ही हरणार आणि हरायलाही हवा. मी पान उघडताना दाखवलेली रक्कम दहा मिनिटांच्या मुदतीसह जपून ठेवतो, आणि तेवढ्यात बटण दाबलं तर तीच देतो. पान उघडं ठेवून दुसऱ्या दिवशी दाबलं तर जुनी रक्कम संपलेली असते आणि नवी दाखवून पुन्हा विचारलं जातं. `now` कुठला धरायचा हेही यातच येतं: ग्राहकाची विनंती तुमच्या सर्व्हरवर पोचली तो क्षण. रांगेतल्या कामाने पैसे खरोखर पाठवले तो क्षण धरू नका. गेटवे रात्रभर बंद होता म्हणून ग्राहकाचा टप्पा घसरला, असं झालेलं मी पाहिलंय.

पैसे पाठवताना दोनदा जाणार नाहीत याची काळजी घ्या. स्ट्राइपला परताव्याची विनंती पाठवताना `Idempotency-Key` हेडर देता येतं, आणि त्याच किल्लीची विनंती पुन्हा गेली तर दुसरा परतावा होत नाही, आधीचंच उत्तर परत येतं. किल्ली क्लिकगणिक नवी बनवली तर तिचा काही उपयोग नाही. ती रद्द करण्याच्या नोंदीवरून बनवा, जसं की `cancel-5127`. पण या किल्ल्या ते कायम जपत नाहीत, चोवीस तासांनंतर काढून टाकू शकतात. म्हणून दोन दिवसांनी कोणी हाताने पुन्हा प्रयत्न केला तर अडवायला तुमच्या डेटाबेसमध्येही ‘एका बुकिंगला एकच परतावा’ असं बंधन हवं. आणि हो, परतावा दिला तरी मूळ व्यवहाराचं शुल्क स्ट्राइप तुम्हाला परत देत नाही. ‘पूर्ण परतावा’ देताना तो थोडा खर्च मालकांच्या खिशातून जातो. तो ग्राहकाकडून कापायचा असेल तर ‘पूर्ण’ हा शब्द वापरू नका, टप्प्याची रक्कमच तेवढी कमी लिहा.

टक्केवारी कशाची, हेही एकदा ठरवून टाका. काही ग्राहक ॲडव्हान्सऐवजी पूर्ण बिलच आधी भरतात. त्यांनी शेवटच्या दिवशी रद्द केलं आणि टक्केवारी पूर्ण रकमेला लावली तर ज्याने जास्त विश्वास दाखवला त्याचंच जास्त जातं. टप्पे फक्त ॲडव्हान्सच्या भागाला लावावेत, वरची रक्कम नेहमी पूर्ण परत. वरच्या फंक्शनमध्ये मी म्हणूनच फक्त `b.advance` धरलाय.

टप्पे कसे ठरवावेत हे तुम्ही विचारलं नाही, पण सात-तीन-एक हे आकडे कुठून आले असा मला संशय आहेच. ते बहुतेक दुसऱ्या कुणाच्या पानावरून येतात. तुमच्याकडे मागची रद्द झालेली बुकिंग आहेत. प्रत्येकासमोर दोन गोष्टी लिहा: किती दिवस आधी रद्द झालं, आणि तो स्लॉट पुन्हा भरला का. दिवसांप्रमाणे लावून बघितलं की एक जागा दिसते जिथपर्यंत बहुतेक स्लॉट पुन्हा भरतात, आणि एक जागा जिथून पुढे जवळजवळ कुठलाच भरत नाही. पूर्ण परतावा पहिल्या जागेपर्यंत द्यावा आणि दुसऱ्या जागेपासून तो अगदी कमी असावा. एखाद्या ठिकाणी पाच दिवस आधी सुटलेला स्लॉट सहज भरत असेल तर तिथे सात दिवसांची मुदत ग्राहकाला उगाच त्रास देते. कापून घेतलेली रक्कम तुमच्या नुकसानाशी मिळतीजुळती असणं कायद्याच्या बाजूनेही बरं. नुकसानाच्या मानाने फारच जास्त कापून घेतलं तर अनेक देशांतली न्यायालयं त्याकडे दंड म्हणून बघतात.

शेवटचा टप्पा शून्यावर नेऊ नका, असं मी मालकांना नेहमी सांगतो आणि ते नेहमी नाखूश होतात. ज्याला काहीच परत मिळणार नाही, त्याला कळवण्याचं कारणच उरत नाही. तो येतही नाही आणि सांगतही नाही. स्लॉट रिकामा जातो आणि तुमचा माणूस वाट बघत बसतो. शेवटच्या चोवीस तासांत दहावा हिस्सा जरी परत ठेवला, अगदी दोन तास आधीपर्यंत, तरी फोन येतो आणि प्रतीक्षा यादीतल्या कोणाला तरी बोलावता येतं. पैसे परत द्यायचे नसतील तर तेवढी रक्कम पुढच्या बुकिंगला जमा करा, पण काहीतरी ठेवा. आठवणीचा मेसेजही याच कारणाने बदलायला हवा. बहुतेक सिस्टीम अपॉइंटमेंटच्या एक दिवस आधी आठवण करून देतात. तुमच्या नियमात तोवर सगळे टप्पे उलटून गेलेले असतात. मेसेज प्रत्येक मुदतीच्या एक दिवस आधी पाठवा: ‘बुधवारी सकाळी ११ च्या आधी कळवलंत तर २,००० परत मिळतील.’ यामुळे रद्द होणारी बुकिंग थोडी वाढतील, पण ती वेळेत रद्द होतील, आणि स्लॉट भरायला तुमच्या हातात दिवस असतील.

शब्दाबद्दल एक. तुम्ही ॲडव्हान्स म्हणता ते ठीक आहे, पण पावतीवर काही जण ‘अनामत’ छापतात. अनामत म्हटलं की माणूस ती परत मिळणार असंच धरून चालतो. ही रक्कम व्यवहार पक्का करण्यासाठी दिलेली असते, जुन्या भाषेत विसार. पानावर ‘ॲडव्हान्स (बिलातून वजा होईल, परतावा खालील तारखांप्रमाणे)’ असं लिहा आणि लगेच खाली त्या तीन ओळी. ग्राहकाने बँकेमार्फत पैसे परत मागितले तर तुमचा पुरावा तोच असतो, म्हणून त्याला त्या क्षणी दिसलेला मजकूर तारखांसह जसाच्या तसा बुकिंगबरोबर साठवा. ‘आमच्या वेबसाइटवर नियम आहेत’ एवढ्यावर भागत नाही, कारण ते नियम तेव्हा काय होते हे तुम्हाला दाखवता येत नाही.

आता चालू असलेल्या बुकिंगचं काय करायचं ते राहिलं. आज रात्रीपासून नवा कोड लावलात तर जुन्या बुकिंगना `refund_stage` मध्ये ओळीच नसतील, आणि फंक्शन सगळ्यांना शून्य देईल. म्हणून आधी एक स्क्रिप्ट चालवून प्रत्येक जिवंत बुकिंगचे टप्पे भरा, ते बुकिंग झालं तेव्हा जो नियम होता त्याप्रमाणे. मर्यादा पूर्ण ॲडव्हान्सची ठेवा, मध्ये तारीख बदललेली असली तरी, कारण मर्यादेची अट त्यांना कोणी सांगितलेली नव्हती. नियम कधी बदलला हे नक्की कळत नसेल तर दोन्ही नियमांनी रक्कम काढा आणि ग्राहकाला जास्त मिळेल ती लिहा. स्क्रिप्ट झाल्यावर शून्य ओळी असलेलं एकही जिवंत बुकिंग उरलं नाही ना, ते मोजा, आणि मगच नवं फंक्शन चालू करा.